अर्धपारदर्शक थर आणि पार्श्वभूमी यांतून दिसणारा रंग हिशेबाने कसा काढावा

प्रश्न: आमच्या डिझायनरने `#F2A33A` या नारिंगी पट्टीवर `#1B2A4E` हा गडद निळा ६० टक्के ठेवला आहे आणि त्यावर पांढरी अक्षरे आहेत. ईमेलच्या टेम्पलेटमध्ये पारदर्शक रंगांचा भरवसा नाही, म्हणून मला एकच पक्का हेक्स कोड हवा आहे. तो हिशेबाने कसा काढायचा? ६० टक्क्यांच्या एका थराऐवजी ३० टक्क्यांचे दोन थर ठेवले तर रंग फिका का येतो? आणि नारिंगीच्या जागी फोटो असेल तर काय करायचे?

उत्तर: तुमच्या पट्टीचा पक्का रंग `#715A46` हा आहे. निळा आणि नारिंगी एकत्र करून मातकट तपकिरी आला म्हणून हिशेब चुकला असे समजू नका. हे दोन रंग जवळपास परस्परविरोधी असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो, तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि दोघांचाही तजेला जातो. डिझायनरला निळसर पट्टी अपेक्षित असेल, तर चूक हिशेबात नसून रंगांच्या निवडीत आहे आणि ते त्यांना आत्ताच सांगितलेले बरे.

आता हा रंग आला कसा ते पाहू. हेक्स कोडमधल्या दोन-दोन अक्षरांच्या तीन जोड्या म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलचे ० ते २५५ या पट्टीवरचे आकडे असतात. `#1B2A4E` म्हणजे २७, ४२, ७८ आणि `#F2A33A` म्हणजे २४२, १६३, ५८. वरच्या थराचा अल्फा म्हणजे तो खालच्या रंगाला किती झाकतो याचे प्रमाण. ० असेल तर थर दिसतच नाही आणि १ असेल तर खालचे काहीच दिसत नाही. थराने ०.६ एवढे झाकले की खालच्या रंगाला उरलेले ०.४ मिळतात. म्हणून प्रत्येक चॅनेलसाठी वरचा आकडा गुणिले अल्फा, अधिक खालचा आकडा गुणिले एक वजा अल्फा, एवढाच हिशेब असतो. मी हाताने करताना हेच सूत्र थोडे फिरवून वापरतो: खालच्या रंगापासून निघायचे आणि वरच्या रंगाच्या दिशेने, दोघांमधल्या अंतराच्या साठ टक्के चालत जायचे.

```
R: 242 + 0.6 × (27 − 242) = 113.0
G: 163 + 0.6 × (42 − 163) =  90.4
B:  58 + 0.6 × (78 −  58) =  70.0
```

पूर्णांकात आणले की ११३, ९०, ७० आणि हेक्समध्ये `#715A46`. या मांडणीचा फायदा असा की उत्तर नेहमी दोन मूळ आकड्यांच्या मध्येच पडले पाहिजे हे नजरेसमोर राहते. हिरव्या चॅनेलचे उत्तर ४२ आणि १६३ यांच्या बाहेर गेले, तर कुठेतरी वजाबाकीचे चिन्ह उलटे पडले आहे हे लगेच कळते. निळ्या चॅनेलकडेही लक्ष द्या. गडद थर टाकला म्हणजे सगळे आकडे उतरणार असे वाटते, पण इथे थराचा निळा पार्श्वभूमीच्या निळ्यापेक्षा जास्त असल्यामुळे तो ५८ वरून ७० वर चढला आहे.

हे वारंवार करावे लागत असेल, तर दोन ओळींचे फंक्शन पुरते:

```js
const mix = (top, under, a) =>
  top.map((t, i) => Math.round(under[i] + a * (t - under[i])));

mix([27, 42, 78], [242, 163, 58], 0.6); // [113, 90, 70]
```

ब्राउझरकडूनच खात्री करून घ्यायची असेल तर `color-mix(in srgb, #1B2A4E 60%, #F2A33A)` लिहून पाहा; हाच रंग मिळेल. फक्त `in srgb` हे शब्द तसेच ठेवा. त्यांच्या जागी दुसरे काही लिहिले तर उत्तर का बदलते, ते पुढे येईलच.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट डिझायनरला विचारून घ्या: ६० टक्के म्हणजे नेमके कशाचे? फिग्मा, फोटोशॉप आणि सीएसएस यांमध्ये दिलेला आकडा थर किती झाकतो याचा असतो. पॉवरपॉइंट आणि वर्डमध्ये मात्र तो थरातून किती आरपार दिसते याचा असतो. मूळ डिझाइन स्लाइडवर झाले असेल आणि तिथे ६० टक्के पारदर्शकता दिलेली असेल, तर तुमचा अल्फा ०.६ नसून ०.४ आहे आणि उत्तर १५६, ११५, ६६ म्हणजे `#9C7342` असे येते. हा फरक केवळ छटेचा नाही. पांढऱ्या अक्षरांशी `#715A46` चे काँट्रास्ट गुणोत्तर सुमारे ६.५ आहे, तर `#9C7342` चे सुमारे ४.२. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत एए पातळीसाठी साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतात, म्हणजे एका रंगावर मजकूर उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यावर नापास. नुसत्या नारिंगीवर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर जेमतेम २.१ भरते, डिझायनरने मुळात थर टाकला तो बहुधा याचसाठी.

अल्फा कधीकधी हेक्स कोडच्या शेवटी चौथी जोडी म्हणूनही येतो, जसे `#1B2A4E99`. इथे ९९ म्हणजे नव्व्याण्णव टक्के नव्हे. तो हेक्समधला आकडा आहे, म्हणजे १५३, आणि १५३ भागिले २५५ हे नेमके ०.६ होतात. तुमच्या बाबतीत तो चोख बसतो. पण ५० टक्क्यांसाठी सहसा लिहिला जाणारा `80` हा १२८ असल्यामुळे प्रत्यक्षात ५०.२ टक्के होतो. हिशेब आणि स्क्रीन यांच्यात एका आकड्याचा फरक दिसला की तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणाहून आलेला असतो.

आता दोन थरांचा प्रश्न. तीस अधिक तीस साठ व्हायला हवेत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण दुसरा थर मूळ नारिंगीवर पडत नाही. पहिल्या थराने आधीच थोड्या निळसर केलेल्या रंगावर तो पडतो आणि जे उरले आहे त्याच्याच तीस टक्के झाकतो. पहिल्या थरानंतर नारिंगीचा ७० टक्के वाटा उरला. दुसऱ्याने त्याचे पुन्हा ७० टक्के शिल्लक ठेवले, म्हणजे ४९ टक्के. तेव्हा दोन्ही थर मिळून ५१ टक्के झाकतात, साठ नव्हे, आणि रंग १३२, १०१, ६८ म्हणजे `#846544` येतो. तुम्हाला फिका दिसतो आहे तो हाच.

अशा वेळी थरांचे अल्फा बेरजेत धरण्याऐवजी उरलेल्या वाट्यांचा गुणाकार करावा. एकाच रंगाचे कितीही थर असले तरी प्रत्येकाचा एक वजा अल्फा काढायचा, सगळे एकमेकांशी गुणायचे आणि आलेली संख्या एकातून वजा करायची. याच हिशेबावरून हेही दिसते की अर्धपारदर्शक थर कितीही चढवले तरी खालचा रंग कागदावर कधीच शून्य होत नाही. स्क्रीनवर तो पूर्णांकात मोडल्यामुळे दिसेनासा होतो, एवढेच. उलट दिशेनेही जाता येते. दोन सारख्या थरांतून नेमके ६० टक्के हवे असतील, तर ज्या संख्येचा वर्ग ०.४ आहे ती ०.६३२५ आणि एकातून ती वजा केली की ०.३६७५. म्हणजे प्रत्येक थर सुमारे पावणेसदतीस टक्क्यांचा ठेवावा लागेल.

थरांचे रंग वेगळे असतील तर क्रमही महत्त्वाचा ठरतो. पांढऱ्या कागदावर आधी ५० टक्के पांढरा आणि वर ५० टक्के काळा ठेवला तर १२७.५ येतात, तेच दोन थर उलट क्रमाने ठेवले तर १९१.२५. शेवटचा थर आपला पूर्ण वाटा घेतो आणि खालच्यांना उरलेल्यात भागवावे लागते. म्हणून अनेक थर असतील तेव्हा नेहमी तळापासून वर चढत एकेक थर मिसळायचा, आणि पूर्णांकात आणण्याचे काम अगदी शेवटी एकदाच करायचे. प्रत्येक पायरीवर अपूर्णांक मोडले तर चुका साठत जातात. प्रत्यक्ष स्क्रीनवर मात्र मधले थर काही वेळा आठ बिटांतच साठवले जातात, त्यामुळे चार-पाच थरांनंतर तुमच्या आणि ब्राउझरच्या उत्तरात एखाद्या आकड्याचे अंतर पडले तर त्यामागे फार वेळ घालवू नये.

याच गुणाकाराचा एक कमी दिसणारा प्रकार सीएसएसमध्ये आढळतो. थराच्या पार्श्वभूमीचा अल्फा ०.६ आहे आणि त्याच्या बाहेरच्या डब्यावर कुणीतरी `opacity: 0.8` लावून ठेवले आहे, असे असेल तर थराचा खरा अल्फा ०.४८ होतो. `opacity` हे आतल्या सगळ्याला मिळून लागू होते, त्यामुळे पांढरी अक्षरेही अंशतः आरपार होतात आणि पांढरी राहत नाहीत. हिशेब बरोबर असूनही स्क्रीनवरचा रंग जुळत नसेल, तर मी सर्वात आधी बाहेरच्या डब्यांवर `opacity` आहे का हे तपासतो. त्यानंतर थराला `mix-blend-mode` किंवा डिझाइनच्या फाइलमध्ये मल्टिप्लायसारखा मोड लावला आहे का हे पाहतो, कारण तसे असेल तर वरचे साधे सूत्र लागूच पडत नाही. मल्टिप्लायमध्ये वरचा आणि खालचा रंग आधी एकमेकांशी गुणला जातो आणि मग त्या गुणाकाराला अल्फा लागतो.

फोटोचा प्रश्न या सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फोटोत एकच रंग नसतो, म्हणून एकच पक्का हेक्स कोडही असू शकत नाही. फोटोचा सरासरी रंग काढून त्यावर थर मिसळण्याची पद्धत बरीच वापरली जाते, पण अक्षरे सरासरीवर बसत नाहीत. ती आकाशाच्या पांढऱ्या तुकड्यावर किंवा झाडाच्या काळोख्या सावलीवर बसतात. त्यामुळे इथे प्रश्नच बदलून विचारावा लागतो: खाली काहीही असले तरी निकालाचा रंग कोणत्या मर्यादेत राहील?

या प्रश्नाला मात्र चोख उत्तर आहे. खालचा आकडा कमीत कमी ० आणि जास्तीत जास्त २५५ असू शकतो. तुमचा निळा थर ०.६ ने मिसळला की लाल चॅनेल १६ आणि ११८ यांच्या दरम्यान, हिरवा २५ आणि १२७ यांच्या दरम्यान आणि निळा ४७ आणि १४९ यांच्या दरम्यानच राहणार. तिन्ही ठिकाणी रुंदी १०२ आहे, म्हणजे २५५ चे ४० टक्के. फोटोतले उजेड-सावलीचे सगळे फरक थराखाली चाळीस टक्क्यांवर दाबले जातात, आणि थर टाकला की फोटो सपाट वाटतो तो यामुळेच. पांढऱ्या अक्षरांना यातले सर्वात वाईट टोक कोणते, तर खाली पूर्ण पांढरा असताना येणारा ११८, १२७, १४९ हा रंग. त्याचे पांढऱ्याशी गुणोत्तर सुमारे ४.० भरते. ४.५ च्या कसोटीवर तो नापास आहे. नारिंगी पट्टीवर आरामात उत्तीर्ण होणारा तोच थर ढगाळ आकाशाच्या फोटोवर का पुरत नाही, याचे कारण एवढेच.

मग किती थर पुरेल? आधी साध्या काळ्या थराचे पाहू, कारण त्याचे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. काँट्रास्टच्या सूत्रात दोन रंगांच्या सापेक्ष तेजस्वितेत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठी संख्या लहान संख्येने भागतात. पांढऱ्याची तेजस्विता १ असते, म्हणून ४.५ मिळण्यासाठी खालच्या रंगाची तेजस्विता १.०५ भागिले ४.५ वजा ०.०५, म्हणजे सुमारे ०.१८३ पेक्षा जास्त असता कामा नये. करड्या रंगांत ही मर्यादा ११८ या आकड्यावर, म्हणजे `#767676` वर येते. पांढऱ्या ठिपक्यावर काळा थर टाकला की २५५ गुणिले एक वजा अल्फा एवढे उरतात. ते ११८ च्या आत बसवायचे तर अल्फा किमान ०.५४ लागतो. म्हणजे ५४ टक्के काळा थर असेल, तर खाली कोणताही फोटो येवो, पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर ४.५ च्या खाली जाऊ शकत नाही. चोवीस पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या मजकुराला ३ हे गुणोत्तर चालते आणि त्यासाठी ४२ टक्के काळा पुरतो. वापरकर्ते स्वतः फोटो चढवतात अशा कामांत हे दोन आकडे फार उपयोगी पडतात, कारण कोणता फोटो येणार हे आपल्या हाती नसते.

तुमच्या निळ्याला काळ्यापेक्षा जास्त अल्फा लागणार हे उघड आहे, कारण तो स्वतःच शून्यापेक्षा वर आहे. ६४ टक्क्यांवर हिशेब अगदी काठावर येतो: अपूर्णांक तसेच ठेवले तर ४.५ ला जेमतेम स्पर्श होतो आणि पूर्णांकात आणल्यावर १०९, ११९, १४२ या रंगाचे गुणोत्तर ४.४९ होते, म्हणजे तपासणीचे साधन तो नापास ठरवेल. ६५ टक्क्यांवर सर्वात वाईट रंग १०७, ११७, १४० येतो आणि गुणोत्तर सुमारे ४.६ होते. म्हणून फोटोवर हाच निळा वापरायचा असेल तर ६५ टक्के ठेवा. फोटोत पांढरेशुभ्र काहीच नाही हे ठाऊक असेल तर ६० चालूही शकतील, पण ते त्या एका फोटोपुरतेच.

ईमेलसाठी मी असे सुचवेन की थर टेम्पलेटमध्ये ठेवूच नये. फोटो संपादकात उघडून त्यावर ६५ टक्क्यांचा थर टाकावा, तसाच एकसंध जेपीईजी म्हणून काढावा आणि तो चित्र म्हणून लावावा. मात्र अनेक मेल प्रोग्रॅम चित्रे सुरुवातीला दाखवत नाहीत आणि तेव्हा पांढरी अक्षरे पांढऱ्या पानावर नाहीशी होतात. म्हणून त्याच डब्याला पार्श्वभूमीचा एक पक्का रंगही द्यावा. सरासरी रंगावरचा हिशेब इथे मात्र योग्य आहे, कारण चित्र येईपर्यंत पानाचा भाव साधारण तसाच राहावा एवढीच अपेक्षा असते.

आता `in srgb` या शब्दांकडे येऊ. वर केलेला सगळा हिशेब हेक्स कोडमधल्या आकड्यांवर थेट केलेला आहे. ब्राउझर, फिग्मा आणि नेहमीच्या मांडणीतला फोटोशॉप हेच करतात, म्हणून तुमचे उत्तर त्यांच्याशी जुळते. पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. एसआरजीबी या मानकात ते वक्ररेषेवर बसवलेले असतात, कारण अंधाऱ्या छटांमधले फरक डोळ्याला जास्त जाणवतात आणि म्हणून त्यांना जास्त आकडे दिलेले असतात. १२८ हा आकडा पांढऱ्याच्या निम्मा असला तरी त्याचा प्रकाश पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के असतो. थ्रीडी आणि गेम बनवण्याच्या साधनांत पुष्कळदा आधी हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आणतात, मग मिसळतात आणि शेवटी पुन्हा वक्ररेषेवर नेतात. तशा पद्धतीने तुमचे हेच दोन रंग त्याच ०.६ ने मिसळले, तर उत्तर सुमारे १६२, १११, ७१ येते. ११३ च्या जागी १६२ हा फरक पूर्णांकात मोडण्यातून येऊ शकत नाही. युनिटीमध्ये लिनिअर रंगपद्धत निवडलेल्या प्रकल्पात डिझायनरच्या फाइलमधले काळे पारदर्शक थर अपेक्षेपेक्षा फिके दिसतात, त्याचे कारण हेच. तिथे अल्फा अंदाजाने वाढवत बसू नये, कारण एका पार्श्वभूमीवर जुळवलेला अल्फा दुसरीवर जुळत नाही.

ही पद्धत लागली आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे काळ्यावर ५० टक्के पांढरा ठेवून पाहणे. १२७ किंवा १२८ मिळाले तर साधा हिशेब चालू आहे. १८८ मिळाले तर प्रकाशाच्या प्रमाणातला. ब्राउझरमध्ये `color-mix(in srgb-linear, …)` लिहिले की हा दुसरा प्रकार बघायला मिळतो.

कोणती पद्धत खरी, असा वाद यावर होतो. भौतिकदृष्ट्या प्रकाशाच्या प्रमाणातली पद्धत बरोबर आहे, कारण खरा प्रकाश तसाच मिसळतो. पण डिझायनरने रंग बघून निवडला तो साध्या पद्धतीने मिसळलेल्या स्क्रीनवर. तेव्हा पक्का हेक्स कोड काढायचा असेल तर त्याच पद्धतीने काढला पाहिजे. टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली लुकासफिल्ममध्ये असताना थर एकावर एक ठेवण्याचे जे बीजगणित मांडले, त्यातली एकावर दुसरे ही क्रिया आपण वर केलेल्या हिशेबाचेच सर्वसाधारण रूप आहे. ती दोन्ही पद्धतींत सारखीच चालते. फरक पडतो तो तिला कोणते आकडे दिले यामुळे.

शेवटी पडताळणीबद्दल. निकाल स्क्रीनवर मोजताना रंग उचलण्याच्या साधनाची सेटिंग पाहा. मॅकवरचा डिजिटल कलर मीटर मूळ आकडे दाखवण्याच्या स्थितीत असेल, तर तो तुमच्या पडद्याच्या रंगक्षेत्रातले आकडे देतो आणि ते ११३, ९०, ७० शी जुळणार नाहीत. यादीतून एसआरजीबी निवडल्यावर जुळतील. जेपीईजीवरही मोजू नका, कारण तिथे दाबणीमुळे आकडे इकडेतिकडे होतात. पीएनजी स्क्रीनशॉट घ्या.

मूळ फाइल हाती नसेल आणि फक्त स्क्रीनशॉटवरून थराचा रंग व अल्फा शोधायचा असेल, तर एका पार्श्वभूमीवरचा एक निकाल पुरत नाही, कारण समीकरणे तीन असतात आणि न कळणाऱ्या गोष्टी चार. तुमच्या नारिंगीवर `#031C50` हा वेगळाच निळा ५४ टक्के ठेवला तरी `#715A46` हाच रंग येतो, करून पाहा. तोच थर एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर मोजता आला तर मात्र प्रश्न सुटतो. तुमच्या थराचा लाल चॅनेल पांढऱ्यावर ११८ आणि काळ्यावर १६ येतो. वजाबाकी १०२, ती २५५ ने भागली की ०.४, म्हणून अल्फा ०.६. काळ्यावरचे १६, २५, ४७ हे आकडे ०.६ ने भागले की २७, ४२, ७८ परत मिळतात. अल्फा दहा टक्क्यांसारखा लहान असेल तर ही भागाकाराची पायरी अर्ध्या आकड्याची चूक पाचपर्यंत वाढवते, तेव्हा त्या स्थितीत मिळालेला रंग अंदाज म्हणूनच घ्यावा आणि मूळ फाइल मागवावी.